टचलाईन की हाफ-स्पेस?
आमच्या फुटबॉल टीमचा लेफ्ट विंगर विचारत होता, बॉल लाईनला चिकटून घेऊ की हाफ-स्पेसमध्ये, म्हणजे विंग आणि सेंटरच्या मधल्या पट्ट्यात. लाईनवर वेळ जास्त मिळतो, पण एका बाजूने लाईनच तुला अडवते आणि गोलही लांब. हाफ-स्पेसमध्ये मात्र समोरच्या टीमचा फुलबॅक आत आला की बाहेरची विंग मोकळी, सेंटरबॅक पुढे आला की त्याच्यामागे भगदाड, दोघं थांबले तर वळून सरळ शूट, आणि कोणी जायचं हेच त्यांचं पटकन ठरत नाही. डी ब्रॉयन मॅन्चेस्टर सिटीत उजव्या हाफ-स्पेसमधूनच ते जीवघेणे क्रॉस टाकायचा. फक्त बॉल घेताना अंग अर्धं वळलेलं हवं, पाठ गोलकडे असेल तर मागून टॅकल आलाच. तुझी ताकद वेग आणि वन-ऑन-वन असेल तर लाईन धर, पहिल्या टचला वळता येत असेल तर हाफ-स्पेस, पण तेव्हा तुमच्या फुलबॅकने बाहेर रुंदी धरलीच पाहिजे.