बीटावरचं कर्ज उतरवताना: हमाडा की डेट बीटा?

जालन्यातल्या एका सळई कारखानदार घराण्याला बियाणं प्रक्रियेचा प्लांट टाकायचा होता. डिस्काउंट रेट, म्हणजे प्लांटने किमान किती परतावा द्यायला हवा तो दर, काढायचं काम माझ्याकडे आलं. लोखंडाचा रेट बियाण्याला लावायचा नाही, बियाण्यातल्या लिस्टेड कंपन्यांचे बीटा, म्हणजे बाजार हलला की शेअर किती हलतो त्याची मापं, घ्यायचे, त्यांच्यावरचं कर्ज उतरवायचं, म्हणजे कर्जामुळे वाढलेली जोखीम वजा करायची, आणि आपल्या प्लांटचं चढवायचं, इथपर्यंत वाद नव्हता. प्रश्न होता उतरवायचं कुठल्या सूत्राने.

```
हमाडा:      βu = βe / (1 + (1−t)·D/E)
डेट बीटा:   βu = βe·E/V + βd·D/V
```

यात D म्हणजे कर्ज, E मालकाचं भांडवल, V दोन्हींची बेरीज आणि t टॅक्सचा दर; βe शेअरचा बीटा, βd कर्जाचा आणि βu कर्ज उतरवलेला.

मी बरीच वर्षं डोळे झाकून हमाडा वापरला. 1972 पासूनचं सूत्र आहे, बँकेतल्या साहेबांनाही पाठ असतं आणि त्यात अंदाजाने भरायचं काही नसतं. शीट पाच मिनिटांत होते.

या कामातले आकडे गोल करून सांगतो. तीन कंपन्या होत्या. पहिलीचा बीटा 0.90 आणि D/E 0.10, दुसरीचा 1.00 आणि 0.25, तिसरीचा 1.50 आणि तब्बल 1.50. टॅक्स 25 टक्के. हमाडाने कर्ज उतरवल्यावर 0.84, 0.84 आणि 0.71 आले. तिघींचा धंदा तोच, पावसावरची भिस्त तीच, मग कर्जबाजारी कंपनीचाच धंदा कमी जोखमीचा कसा? आधी वाटलं, तिसरीचा बीटाच गडबड असेल.

मग शीटमध्येच खटकलेली गोष्ट दिसली. हमाडा कर्जाला बिनजोखमीचं धरतो, म्हणजे सगळी जोखीम मालकाच्या भांडवलावर टाकतो. तीन ओळी खाली मीच कर्जाचा दर 10 टक्के लिहिला होता आणि सरकारी रोख्यांचा 7. कर्जाला जोखीमच नाही, तर बँक वरचे 3 टक्के कशाचे घेते? एकाच पानावर एकाच कर्जाबद्दल मी दोन गोष्टी बोलत होतो. माझ्यापुरता निकाल तिथेच लागला.

दुसरी कुरकुर त्यापेक्षा लहान. हमाडा कर्जाची रक्कम कायम तेवढीच राहील असं मानतो, त्यातूनच तो (1−t) येतो. आपल्याकडच्या प्लांटचं कॅश क्रेडिट मात्र स्टॉक स्टेटमेंटवर चालतं. माल वाढला की ड्रॉइंग पॉवर, म्हणजे उचलता येणारी रक्कम, वाढते, उठाव झाला की उतरते. कर्ज धंद्यामागे फिरत असेल तर टॅक्सची बचतही धंद्याइतकीच बेभरवशाची, म्हणून दुसऱ्या सूत्रात टॅक्स दिसत नाही.

त्या 3 टक्क्यांतला काही भाग बँकेचा खर्च आणि बुडीताचा अंदाज. उरलेले साधारण 2 टक्के मी खरी बाजार-जोखीम धरली. सरकारी रोख्यांवर शेअर बाजार जास्तीचा देतो तो प्रीमियम 7 टक्के धरला, 2 ला 7 ने भागून डेट बीटा आला 0.3. तो फक्त तिसऱ्या कंपनीला लावला, पहिल्या दोघींचं कर्ज नगण्य म्हणून शून्य. आता आकडे 0.82, 0.80 आणि 0.78. तीन कंपन्यांवरून सिद्ध काही होत नाही, पण एका धंद्यातल्या कंपन्या अशा जवळ यायला हव्यात.

गंमत म्हणजे सरासरी दोन्हीकडे 0.80 च आली. फरक पडला कर्ज चढवताना. प्लांटला बँक 60 टक्के देणार होती, म्हणजे D/E 1.5. हमाडाने बीटा 1.70 झाला आणि कर्ज-भांडवल मिळून एकूण दर 12.1 टक्के. डेट बीटाने 1.55 आणि 11.6 टक्के. प्लांटचा परतावा बसत होता 11.9. थोरले शेठ म्हणाले, "जास्तीचा दर धरला तर बिघडलं काय? तेवढीच सेफ्टी." बिघडतं ते असं, की हमाडाने प्रकल्प नापास आणि दुसऱ्याने पास.

एक चूक मात्र टाळा. उतरवायचं एका सूत्राने आणि चढवायचं दुसऱ्याने, असं मी दोनदा पाहिलंय, आणि आकडा इतका साळसूद दिसतो की पकडता येत नाही.

हमाडा टाकाऊ आहे असं माझं म्हणणं नाही. दोन्हीकडे कर्ज थोडं असेल, तर तोच वापरा. फरक नगण्य पडतो. नुसतं टर्म लोन असेल आणि हप्ते ठरलेले असतील, तर दोन्हींपेक्षा कर्ज न चढवता काढलेला दर आणि टॅक्सची बचत वेगळी मोजणं बरं.

माझ्या आवडत्या पद्धतीचा दोषही सांगतो. डेट बीटा 0.4 केला की दर 11.4 टक्क्यांवर येतो, 0.1 केला की 12.2 वर जातो. म्हणजे सगळा खेळ एका सेलवर. ती सेल मी पिवळी करून ठेवतो. शेठच्या धाकट्या भावाने ती 0.1 करून दाखवली, तेव्हा मी एवढंच विचारलं, "याचा अर्थ धंद्याची जोखीम म्हणून बँक पाऊण टक्काही घेत नाही. अशी बँक बघितली का तुम्ही?" त्यांनी ती परत 0.3 केली.