जाड, भेगाळलेल्या तळव्यांसाठी: स्टेरॉइड-सॅलिसिलिकचं एकत्र मलम की दोन वेगळ्या ट्यूब?

ऑक्टोबर छाटणीनंतर तासगाव-मिरज पट्ट्यातल्या द्राक्षबागांत विरळणी आणि घड द्रावणात बुडवण्याची कामं लागतात. हात तासन्‌तास ओले, त्यात थंडी, आणि घरी गेल्यावर पुन्हा भांडी-धुणं. अशा कामावरच्या चाळिशीच्या एक बाई डोळ्यांसमोर आणा. दोन्ही तळहात जाड, पिवळसर, बोटांच्या पेरांवर भेगा, रात्री खाज. टाचांची तीच गत. हाताच्या पाठीवर काही नाही, नखं ठीक, कोपर-गुडघ्यांवर चट्टे नाहीत. निदान, हायपरकेरॅटॉटिक एक्झिमा.

औषधं लिहिताना दोन वाटा समोर असतात. एक, क्लोबेटासोल 0.05 टक्के आणि सॅलिसिलिक अ‍ॅसिड 6 टक्के एकाच ट्यूबमध्ये. दुसरी, साधं क्लोबेटासोल ऑइंटमेंट रात्री आणि युरिया किंवा व्हॅसलीन वेगळं, दिवसा. रेटिनॉइडचा विचारही काहींच्या मनात येतो, त्याकडे शेवटी येऊ.

आधी पोटन्सीचा एक गैरसमज बाजूला करू. हायड्रोकॉर्टिसोन 1 टक्का आणि क्लोबेटासोल 0.05 टक्के शेजारी ठेवले तर टक्केवारीत पहिलं वीसपट ‘जास्त’, पण हायड्रोकॉर्टिसोन सातव्या म्हणजे सर्वांत सौम्य वर्गात आणि क्लोबेटासोल पहिल्या वर्गात बसतं. रेणूवर फ्लोरिन आला की रिसेप्टरवरची पकड वाढते. 17 क्रमांकावरचं एस्टर आणि 21 वरचं क्लोरिन यांनी तो स्निग्ध होतो आणि त्वचेच्या वरच्या थरातून सहज उतरतो. टक्केवारी फक्त त्या एका औषधापुरती खरी. बेसही वर्ग बदलतो: मोमेटासोन 0.1 टक्के ऑइंटमेंटमध्ये दुसऱ्या वर्गात, तर क्रीममध्ये चौथ्या वर्गात मोजलं जातं.

हे वर्ग मुख्यतः रक्तवाहिन्या आकसून कातडी किती पांढरी पडते यावर ठरले. मॅकेन्झी आणि स्टाउटन यांनी 1962 मध्ये मांडलेली ही चाचणी निरोगी माणसाच्या हाताच्या पुढल्या भागावर, मनगट ते कोपर या पट्ट्यात, करतात. आपल्या रुग्णाचा आजार तळहात-तळपायांवर आहे. फेल्डमन आणि मायबाख यांनी 1967 मध्ये हायड्रोकॉर्टिसोनचं शोषण जागेनुसार मोजलं. पुढल्या हातावरचं शोषण 1 धरलं तर तळपायावर ते 0.14 भरलं, आणि वृषणाच्या त्वचेवर 42. म्हणजे तळपायावर पहिल्या वर्गाचं स्टेरॉइड लावणं अतिरेक नाही. जाड थराखाली त्यातलं थोडंच पोचतं. तेच मलम हात पुसता पुसता मांडीच्या सांध्यात गेलं तर मात्र प्रकरण निराळं. स्टेरॉइडची निवड दोन्ही वाटांवर सारखीच राहते. मतभेद आहे तो थर पातळ करणाऱ्या औषधाबद्दल, ते बरोबर की वेगळं.

एकत्र ट्यूबच्या बाजूने बरंच बोलता येईल. सॅलिसिलिक अ‍ॅसिड शिंगी थरातल्या पेशींची आपसातली पकड सैल करतं, खपली उतरते, आणि स्टेरॉइडला वाट मिळते. रुग्णाला एकच ट्यूब सांभाळायची, ‘सकाळी हे, रात्री ते’ असा घोळ नाही, खर्चही बहुधा कमी. बागेतून संध्याकाळी सातला घरी येणाऱ्या बाईंसाठी ही लहान गोष्ट नव्हे. थर फारच जाड असेल, भेगा उघड्या नसतील, तर पहिल्या दोन आठवड्यांसाठी एकत्र मलम लिहिणाऱ्याला मी चूक म्हणणार नाही.

तरी मला तिथे एक गोष्ट खटकते, आणि माझं पारडं तिनेच झुकवलं. या दोन औषधांचं काम एकाच वेळी संपत नाही. स्टेरॉइड खाज आणि दाह उतरवतं, त्याला दोन आठवडे, फार तर चार लागतात. क्लोबेटासोल सलग दोन आठवड्यांच्या पुढे आणि आठवड्याला 50 ग्रॅमच्या वर नको, ही मर्यादा तुम्ही वाचलेलीच आहे. जाडी उतरवण्याचं काम मात्र महिनोन्‌महिने चालतं, कारण ओलं काम थांबलेलं नसतं आणि त्वचा स्वतःला जाड करतच राहते. एका ट्यूबमध्ये दोन्ही असली की खाज गेल्यावरही टाच खरखरीत दिसते, बाई मलम चालूच ठेवतात, दुकानदार तीच ट्यूब पुन्हा देतो. ज्याची गरज संपली ते स्टेरॉइड, ज्याची गरज आहे त्या केरॅटोलिटिकला बांधलेलं, आणखी चार महिने लागत राहतं. डोस कमी करायचा म्हटलं तर दोन्ही एकदमच कमी होतात. डॉक्टरने कितीही समजावलं तरी ट्यूबची रचनाच त्या सूचनेच्या विरुद्ध जाते.

परिणाम कुठे दिसतो? तळव्यावर नव्हे, तिथली कातडी जाड. हाताच्या पाठीवर, बोटांच्या बेचक्यात आणि मनगटाच्या आतल्या बाजूला, जिथे मलम सहज पसरतं. कातडी चकचकीत आणि कागदासारखी पातळ होते, शिरा उठून दिसतात, बारीक लाल रेषा येतात, भांड्याची कड लागली तरी काळंनिळं पडतं. फॉलोअपला तळहात बघताना हात उलटा करून बघायची सवय म्हणूनच हवी.

दुसरी तक्रार लहान, पण पहिल्या आठवड्यात तीच नडते: उघड्या भेगेत 6 टक्के सॅलिसिलिक चांगलंच झोंबतं. तिसऱ्या दिवशी ट्यूब फळीवर जाते आणि ‘औषध लागू पडलं नाही’ अशी नोंद होते. युरियाही झोंबतो, पण वेगळ्या ट्यूबमध्ये असल्यामुळे तो आठवडाभर मागे ठेवता येतो.

वेगळ्या वाटेचा हिशेब असा. बोटाच्या टोकाच्या पेरावर पिळलेली मलमाची पट्टी म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, आणि तेवढं मोठ्या माणसाच्या दोन तळहातांइतक्या जागेला पुरतं. दोन्ही तळहात, अर्धा ग्रॅम. दोन्ही तळपाय धरले तर आणखी सुमारे एक. म्हणजे एका वेळेला दीड ग्रॅम. रोज रात्री एकदा, चौदा रात्री, 21 ग्रॅम. त्यानंतर दोन आठवडे रात्रीआड, सात वेळा, म्हणजे साडेदहा ग्रॅम. महिन्याला मिळून 31.5, थोडक्यात 30 ग्रॅमची एक ट्यूब. आठवड्याला जास्तीत जास्त साडेदहा ग्रॅम जातं, 50 च्या मर्यादेपासून दूर. इथे धास्ती अ‍ॅड्रिनल दबण्याची नाही, कातडी पातळ होण्याची आहे. ट्यूब दहा दिवसांत संपली तर थर जाड लागतोय किंवा घरातलं आणखी कोणी लावतंय. महिन्यानंतरही अर्धी उरली तर लावलंच जात नाही. दिवसातून दोनदा लावण्याने फारसं अधिक मिळत नाही, कारण शिंगी थर स्टेरॉइड साठवून ठेवतो आणि हळूहळू सोडतो.

लावायची रीत: रात्री दहा मिनिटं कोमट पाण्यात हात-पाय, टिपून कोरडे करायचे, ओल पुरती उडण्याआधी स्टेरॉइड ऑइंटमेंटचा पातळ थर, वर सुती हातमोजे-पायमोजे. प्लास्टिक गुंडाळलं तर शोषण सुमारे दहापट वाढू शकतं, म्हणून ते स्वतःच्या मनाने नको. क्रीमपेक्षा ऑइंटमेंट बरं. ते ओल धरतं आणि भेगेत झोंबत नाही. पहिला आठवडा दिवसा फक्त व्हॅसलीन, प्रत्येक हात धुण्यानंतर. भेगा मिटल्या की सकाळी तळहाताला युरिया 10 टक्के आणि टाचेला 20 ते 25 टक्के. दहा टक्क्यांना युरिया मुख्यतः पाणी धरून ठेवतो; वीसच्या पुढे केरॅटिनचे हायड्रोजन बंध सोडवून थर उतरवू लागतो. महिन्याभराने स्टेरॉइड बंद, युरिया आणि व्हॅसलीन हंगाम संपेपर्यंत.

इमोलियंटमध्ये सगळ्यात मोठी चूक प्रमाणाची होते. दोन्ही हातांना आठवड्याला 25 ते 50 ग्रॅम लागतं, आणि चिठ्ठीवर महिन्याला एक छोटी डबी लिहिलेली असते. महागडं लोशन पुरवून वापरण्यापेक्षा मोठा व्हॅसलीनचा डबा बरा. घरात कोकमतेलाचा गोळा असेल तर टाचेला गरम बोटाने चोळायला तेही चालेल, फक्त उकळतं ओतायची जुनी सवय नको.

आता रेटिनॉइड. या बाईंना टॅझारोटीन दिलं तर दाह भडकेल; एक्झिमात त्वचेचा अडसर आधीच मोडलेला असतो आणि रेटिनॉइडचा पहिला परिणामच लालसर सोलवटणं हा. पण तळव्यांचा सोरायसिस असता, तर टॅझारोटीन आणि स्टेरॉइड ही जोडी खरंच विचारात घ्यावी. स्टेरॉइड त्याची आग शमवतं आणि रेटिनॉइड कातडी पातळ होण्याला थोडा विरोध करतं. दोन औषधं परस्परांचे दोष झाकतात, सॅलिसिलिकच्या जोडीत असं घडत नाही. गर्भधारणेची शक्यता असेल तर मात्र टॅझारोटीन नाहीच. आणि सोरायसिसमध्ये कॅल्सिपोट्रिऑल चालू असेल तर सॅलिसिलिक त्याच जागी लावू नका, आम्लामुळे ते निकामी होतं. वेगळ्या ट्यूबचा हा आणखी एक फायदा.

निदान चुकलं तर दोन्ही वाटा सारख्याच फसतात. दोन्ही तळपाय आणि एकच तळहात जाड असेल तर बुरशीचा संशय घ्या, खपली खरवडून केओएचमध्ये बघा. स्टेरॉइडने खाज कमी होऊन बुरशी पसरत राहते आणि कडा पुसट झाल्याने ओळखू येत नाही. फक्त डाव्या हाताच्या अंगठा-तर्जनीची टोकं भेगाळली असतील तर लसूण कोणत्या हातात धरून सोलता हे विचारा. आणि दोन आठवडे रोज रात्री नीट लावूनही खाज तसूभर हलली नसेल तर ट्यूब वाढवू नका, पॅच टेस्टला पाठवा. कामावरचे रबरी हातमोजे सोबत आणायला सांगा.