गोधडी घरी धुवायची, मग रजईचं काय?

थंडी सरली की घरातली दोन पांघरुणं हमखास धुण्यात येतात: जुन्या साड्यांची गोधडी (कोल्हापूर-सांगलीकडे वाकळ) आणि पिंजाऱ्याकडून भरून घेतलेली कापसाची रजई. अंगावर घेतली की दोन्ही सारखीच ऊब देतात, त्यामुळे धुतानाही त्यांना सारखंच वागवलं जातं. गोधडी ते सोसते, रजईचे मात्र गोळे होतात.

गोधडीच्या आत सुटं असं काही नसतं. साड्यांचे चार-पाच थर एकावर एक आणि त्यांतून बोटाबोटाच्या अंतरावर गेलेला धावदोरा. भिजल्यावर सरकायला काही जागाच नाही. रजईत मात्र सुटे तंतू एकमेकांत अडकून राहिलेले असतात. पिंजलेल्या कापसाच्या तंतूंवर नैसर्गिक मेणकट थर असतो, त्यामुळे तो पाणी चटकन घेत नाही. पाण्यात साबण पडला की पाणी आत शिरतं, कापूस भिजून जड होतो आणि आपल्याच वजनाने खाली घसरतो. वर चोळलं किंवा पिळलं की तंतू एकमेकांत गुरफटतात आणि तसेच वाळतात. असा गोळा नंतर हाताने फारसा सुटत नाही, तो पुन्हा पिंजावाच लागतो.

म्हणून धुण्याआधी टाके बघा. रजईच्या दोन टाक्यांच्या ओळींमधलं अंतर चार बोटं असेल तर जपून धुता येते. वीतभर असेल तर धुऊ नका, मग ती कितीही मळलेली असो. मधल्या अंतरावर खोळ चिमटीत धरून आतला कापूस सरकवून बघा. सहज सरकला तर पाण्यात तो हमखास कोपऱ्यात जाऊन बसणार. रजई खिडकीच्या उजेडासमोर धरली की कापूस आधीच कुठे विरळ झालाय तेही दिसतं.

गोधडीची तपासणी वेगळी. तुटलेला दोरा आधी घालून घ्या, कारण ओल्या गोधडीच्या ओढीने दोन बोटांची उसवण वीतभर होते. मग पांढरा ओला रुमाल लाल, जांभळ्या आणि गडद निळ्या तुकड्यांवर दाबून चोळा. वर्षानुवर्षं धुतलेल्या साड्यांचा रंग बहुधा निघून गेलेला असतो. दगा देतो तो एखादा नवा काठ किंवा न वापरलेला तुकडा. रुमालाला रंग लागला तर गोधडी भिजत घालायची नाही, गार पाण्यात भरभर धुऊन लगेच पसरायची. पाण्यात मीठ घातल्याने रंग पक्का होतो असं सांगतात, पण मिठाने सुटता रंग थांबत नाही.

साधारण अडीच किलोच्या गोधडीला मोठ्या टबात 25-30 लिटर गार पाणी आणि दोन मोठे चमचे द्रव साबण पुरतो. अर्धा तास भिजली की पायांनी तुडवा. धोपटणं टाळा, कारण जुनं सुती कापड धोपटण्याने जागोजागी विरतं. पाणी नितळ येईपर्यंत, म्हणजे तीन-चार वेळा, खळबळा. गरम पाणी नको. थरांमध्ये सुती आणि सिंथेटिक साड्या मिसळलेल्या असतील तर सुती थर आक्रसतो, सिंथेटिक तसाच राहतो आणि टाक्यांपाशी चुण्या पडतात. पुढून उघडणाऱ्या मशीनमध्ये नाजूक कपड्यांच्या सेटिंगवर, 30 अंशांवर गोधडी चांगली निघते. फक्त ड्रमचा वरचा तिसरा हिस्सा रिकामा राहायला हवा, आणि पिळण्याचा वेग 600 फेऱ्यांच्या आत ठेवावा.

टाके जवळ असलेली रजई धुवायचीच असेल तर न्हाणीघराच्या स्वच्छ फरशीवर ती आडवी पसरा. साबण गोधडीच्या निम्मा घ्या, कारण कापसात शिरलेला फेस काढायला बादल्यांमागून बादल्या लागतात. तळव्याने दाबायचं आणि सोडायचं, एवढंच. चोळणं नाही, ब्रश नाही. खरी गडबड होते ती उचलताना. एका टोकाला धरून उचलली की सगळा ओला कापूस दुसऱ्या टोकाला जातो. 2 किलो कापसाची रजई निथळल्यावरही सहज आठ-नऊ किलो भरते. म्हणून ती एका बाजूने गुंडाळत जा, गुंडाळी दाबून पाणी काढा आणि दोघांनी मिळून आडवीच उचला. वरून कपडे टाकायच्या मशीनमध्ये रजई घालूच नका. खालची चकती ती घुसळते आणि नेमके तिथेच गोळे होतात.

वाळवण्यात दोघींचा फरक आणखी मोठा. गोधडी एका दोरीवर टाकली तर घडीची जागा ओली राहते आणि सगळा भार त्याच टाक्यांवर येतो. हात-दीड हात अंतराच्या दोन दोऱ्यांवर पसरली तर मधून वारा खेळतो. कडक उन्हात ती दिवसात वाळते. दर दोन तासांनी फक्त बाजू बदलायची.

रजईला दोरी नकोच. बाजेवर किंवा गच्चीत स्वच्छ चादरीवर ती सपाट पसरा. निम्मी वाळली, म्हणजे वरची खोळ कोरडी आणि आत गारवा, की तिच्यावर हात चालवा. दोन्ही हातांच्या बोटांनी, खोळीवरूनच, प्रत्येक चौकोनातला कापूस हलके ओढून मोकळा करा. याआधी केलं तर जड कापूस तुटून बसतो, पूर्ण वाळल्यावर केलं तर गोळा घट्ट झालेला असतो. असं दिवसातून दोन-तीनदा करावं. संध्याकाळी दव पडण्याआधी आत घ्या आणि घडी न घालता पसरून ठेवा. दोन पूर्ण दिवसांचं ऊन धरूनच चाला. कोकण-गोव्याच्या दमट हवेत जास्तही लागतं. पावसाळ्यात हा घाटच घालू नये.

वाळली की नाही हे हाताला नीट कळत नाही, कारण बाहेरून कोरडी रजई आत दमट असू शकते. सोपा उपाय वजनाचा. धुण्याआधी सामानाच्या काट्यावर रजई टांगून वजन लिहून ठेवा. समजा 2.4 किलो भरली. दुसऱ्या संध्याकाळी 2.7 आलं तर पाव किलोहून जास्त पाणी अजून आत आहे. अशी रजई कपाटात गेली की कुबट वास येतो आणि पुढच्या थंडीत खोळीवर बुरशीचे काळे ठिपके दिसतात.

वीतभर टाक्यांच्या रजईला दोन मार्ग उरतात. नुसती धूळ आणि घामाचा वास असेल तर वर्षातून दोन-तीनदा ऊन आणि वर धुता येईल असा अभ्रा पुरतो. कापूस दबून घट्ट झाला असेल तर पिंजाऱ्याकडे द्या. खोळ उसवून वेगळी धुता येते, कापूस पिंजताना धुळीसोबत आखूड तंतूही उडून जातात, म्हणून पाव ते अर्धा किलो नवा कापूस घालायला सांगा. आणि टाके चार बोटांवर घालून मागा, दोरा-मजुरी थोडी जास्त पडेल. ड्रायक्लीनिंगच्या द्रावकात कापूस पाण्यासारखा फुगत नाही, म्हणून गोळे कमी होतात, पण घाम आणि लघवीचे डाग पाण्यात विरघळणारे, ते तिथे नीट निघत नाहीत.

लहान मूल किंवा अंथरुणाला खिळलेलं माणूस असलेल्या घरात नवं पांघरूण करायचं तर आम्ही गोधडीच सुचवू. रजईवर डाग पडलाच तर लगेच कोरड्या फडक्याने टिपा, तेवढ्या जागची खोळ कापसापासून चिमटीत उचलून तळाशी दोरा बांधा आणि फक्त तो बोंडका धुवा.