कपाट भिंतीला बांधायचं: पट्टा, अँगल की चिकटपट्टी? इंदूरच्या दोन भिंतींचा हिशेब

रामबागेतल्या आजोळच्या घरी जुनी, दीड फूट जाडीची, चुन्याच्या गिलाव्याची भिंत. निपानियाच्या बाजूला आई-बाबांच्या फ्लॅटमध्ये राखाडी-पांढऱ्या हलक्या ब्लॉकची सहा इंची भिंत. मूल मात्र एकच, दीड-दोन वर्षांचं, आणि दोन्हीकडे कपाटावर चढणारं. माझ्या भाचीच्या घरची ही स्थिती आहे आणि इंदूरच्या बऱ्याच मराठी घरांत थोड्याफार फरकाने हेच दिसतं. लोक विचारतात, ‘‘कोणती किट घेऊ?’’ मी आधी विचारते, भिंत कोणती आहे? एका भिंतीत वर्षानुवर्षं टिकणारा स्क्रू दुसऱ्या भिंतीतून हाताने ओढला तरी निघून येतो.

आधी काय बांधायचं, हे ठरवू. घरातली सगळ्यात जड वस्तू म्हणून आपलं लक्ष लोखंडी कपाटाकडे जातं, पण पहिला नंबर ड्रॉवरच्या बुटक्या कपाटाचा. साडेतीन फूट उंच, पंचेचाळीस सेंटीमीटर खोल, चार ड्रॉवर असं कपाट घ्या. सांगाडा 18 किलोचा आणि कपड्यांसकट प्रत्येक ड्रॉवर 8 किलोचा, म्हणजे एकूण 50 किलो. सगळं बंद असताना वजनाचा मध्य पुढच्या कडेपासून साडेबावीस सेंटीमीटर आत असतो आणि कपाट ठाम उभं राहतं. आता मुलाने खालचे तीन ड्रॉवर पस्तीस सेंटीमीटर बाहेर ओढले. त्या तिघांचं वजन कडेच्या बाहेर गेलं. पुढच्या कडेभोवती हिशेब केला तर कपाटाला मागे धरून ठेवणारा जोर 1125 वरून 285 वर येतो (किलो गुणिले सेंटीमीटर). बारा किलोचं मूल सगळ्यात खालच्या ड्रॉवरमध्ये उभं राहिलं आणि त्याचा भार कडेच्या पंचवीस सेंटीमीटर बाहेर पडला, तर त्याचा जोर 300 होतो. कपाट गेलं. त्याने हिसका दिलेला नाही, धक्का मारलेला नाही, फक्त पायरी समजून पाय ठेवला.

असे अपघात झाल्यावरच 2016 मध्ये आयकियाने अमेरिकेत सुमारे 2 कोटी 90 लाख ड्रॉवरची कपाटं परत मागवली. 2023 पासून तिथे कपड्यांच्या अशा कपाटांना जी चाचणी लागू झाली, तीत भरलेले ड्रॉवर उघडे ठेवून 60 पौंडांपर्यंतचं, म्हणजे सुमारे 27 किलोचं मूल गृहीत धरतात. आपल्याकडे सुतार घरी येऊन बनवतो त्या कपाटाला कोणी अशी चाचणी लावत नाही. म्हणून बांधायची जबाबदारी आपली.

वरच्याच हिशेबातून आणखी एक गोष्ट कळते. मूल आणखी बाहेर झुकलं, भार चाळीस सेंटीमीटर बाहेर गेला, तरी कमी पडणारा जोर 195 एवढाच आहे. कपाट जमिनीपासून शंभर सेंटीमीटरवर भिंतीला धरलं असेल, तर तिथे दोनेक किलोची ओढ पुरते. तीच पकड पन्नास सेंटीमीटरवर असेल तर चार किलो लागते. म्हणून पकड जितकी वर तितकी चांगली. शिवाय पट्टा सैल असेल तर कपाट आधी झुकतं, वेग घेतं आणि मग पट्ट्याला हिसका बसतो. तो हिसका दोन किलोच्या कितीतरी पट असतो. स्क्रू उपटतो तो बहुतेक या हिसक्याने.

पट्टा, अँगल, चिकटपट्टी

लोखंडी एल-अँगल सगळ्यात स्वस्त. सियागंजात कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो आणि त्याला ढिलाईच नसते, हा त्याचा मोठा गुण. अडचण एवढीच की कपाटाची पाठ भिंतीला लागलेली हवी. आपल्या घरांत स्कर्टिंगची टाइल सेंटीमीटरभर पुढे आलेली असते, त्यामुळे कपाट भिंतीपासून तेवढं लांब राहतं. मग मागे तेवढ्याच जाडीची लाकडी पट्टी घालावी लागते. ते न करता अँगल वाकवून बसवला तर दोन्हीकडचे स्क्रू तिरके जातात आणि पकड निम्मी होते.

नायलॉनचा विणलेला पट्टा, धातूच्या बकलसकट, अंतर सांभाळून घेतो. जुन्या तळमजल्याच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते आणि तिथे कपाट चिकटवून ठेवणं बरं नसतं, अशा ठिकाणी मला पट्टाच योग्य वाटतो. पण तो ओढून घट्ट करावा लागतो आणि कपाट झाडण्यासाठी सरकवलं की पुन्हा घट्ट करायचं लक्षात ठेवावं लागतं. एक पट्टा मधोमध नको, दोन्ही टोकांना दोन हवेत. एकाच पट्ट्यावर कपाट पिळवटतं.

आयात किटमध्ये पट्ट्याऐवजी प्लॅस्टिकची झिप-टाय येते. ती घेऊ नका. प्लॅस्टिक काही वर्षांनी ठिसूळ होऊन तुटतं, आणि याच कारणाने अमेरिकेत असे संच परत मागवले गेले आहेत. इंदूरच्या उन्हाळ्यात खिडकीशेजारी ती किती टिकेल, याची कल्पना करा.

चिकटपट्टीवाल्या ‘विना-ड्रिल’ पकडीबद्दल मला सगळ्यात जास्त विचारणा होते, कारण बरीच मंडळी भाड्याने राहतात. माझं उत्तर स्पष्ट ‘नाही’ आहे. पट्टीचा गोंद चांगला असला तरी तो धरतो रंगाला. रंगाखाली पुट्टीचा पातळ थर असतो, जुन्या घरात चुना असतो आणि ओढ लागली की तोच थर सोलून निघतो. शिवाय गोंद सरळ घसरत्या भाराला तग धरतो, एका टोकाने उचलून सोलणाऱ्या ओढीला धरत नाही, आणि झुकणारं कपाट नेमकं तेच करतं. घरमालकाला दोन बारीक भोकं आधी सांगून पाडा आणि जाताना पुट्टीने बुजवून द्या. मालक अगदीच ऐकत नसेल तर ड्रॉवरचं कपाट मुलाच्या खोलीतून काढून बंद खोलीत ठेवा.

भिंत ओळखायची कशी

ड्रिल केल्यावर खाली पडणारी भुकटी बघा. लाल भुकटी आली म्हणजे वीट. राखाडी-पांढरी, मऊ, पिठासारखी आली आणि ड्रिल लोण्यात गेल्यासारखं आत गेलं तर हलका ब्लॉक. वाळू पडत राहिली तर तुम्ही विटांच्या मधल्या दर्जेत आहात, भोक दोन-तीन इंच बाजूला घ्या. ड्रिल पुढे सरकतच नसेल तर काँक्रीटचा खांब आहे आणि तिथली पकड उत्तमच. स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली आणि न्हाणीघराच्या भिंतीत भोक पाडू नका, तिथे वायर किंवा पाइप असतो.

रामबागेच्या भिंतीत गिलावाच इंच-दीड इंच जाड असतो आणि तो हाताने खरवडला तरी झडतो. नेहमीची छोटी गिट्टी, म्हणजे प्लास्टिकचा वॉल प्लग, पूर्ण गिलाव्यातच बसते आणि मिस्त्री म्हणतो, ‘‘पक्कं झालं.’’ ते पक्कं नसतं. तिथे चार इंची लांब नायलॉनची गिट्टी हवी, म्हणजे तिची निम्मी-अधिक लांबी विटेत जाते. लोखंडी अँकर फास्टनर इथे वापरू नये, तो फुगतो आणि जुनी वीट चिरते.

हलक्या ब्लॉकमध्ये उलटी काळजी. ड्रिलचा हॅमर बंद करायचा, नाहीतर भोक ऐसपैस होतं आणि गिट्टी फिरत राहते. अशा ब्लॉकसाठी पिळाच्या मोठ्या आट्यांची नायलॉनची गिट्टी वेगळी मिळते, ती मागून घ्या. स्क्रू कसताना तो न थांबता फिरतच राहिला तर भोक गेलं असं समजा. तिथेच काडी कोंबून वेळ मारून नेऊ नका, चार इंच बाजूला नवं भोक घ्या.

कपाटाची बाजूही तितकीच महत्त्वाची. पुस्तकांच्या शेल्फची पाठ पातळ प्लायची असते. तिच्यात मारलेला स्क्रू पाठीसकट निघतो. स्क्रू वरच्या जाड फळीत किंवा उभ्या बाजूत जायला हवा. लोखंडी कपाटाचा पत्रा जेमतेम एक मिलिमीटरचा, त्याला स्क्रू पुरत नाही. वरच्या मागच्या कोपऱ्यात आरपार भोक पाडून नट-बोल्ट आणि आतून रुंद वॉशर लावावा लागतो. हे कपाट जड असल्यामुळे सहज पडत नाही हे खरं, पण उघड्या दारावर लोंबकळायला मुलांना आवडतं, आणि माथ्यावर आपण सुटकेसा रचतो. त्या खाली उतरवा, जड सामान तळाच्या कप्प्यात ठेवा.

टीव्हीचं वेगळं आहे

टीव्हीच्या बाबतीत बांधण्यापेक्षा भिंतीवर चढवणं नक्कीच सरस. 43 इंची टीव्ही आठ-दहा किलोचा असतो, त्याचे पाय दोन टोकांना आणि पुढे-मागे अरुंद, म्हणून वरची कड धरून ओढली की तो सरळ पुढे येतो. निपानियाच्या ब्लॉकच्या भिंतीवर भिंतीलगतचा स्थिर माउंट त्याच खास गिट्ट्यांवर चालतो. बाहेर ओढता येणारा हात असलेला माउंट मात्र तिथे नको, कारण हात जितका बाहेर, तितकी वरच्या स्क्रूंवर ओढ वाढते. रामबागेत टीव्ही टेबलावरच ठेवायचा असेल तर पाठीमागच्या माउंटच्या भोकांतून पट्टा घेऊन तो भिंतीला बांधा. बरेच जण टीव्ही टेबलालाच बांधतात आणि टेबल मोकळं ठेवतात. मग ड्रॉवर उघडून चढलं की दोन्ही एकत्र येतात.

भाचीकडे शेवटी असं ठरलं: फ्लॅटमध्ये ड्रॉवरच्या कपाटाला दोन एल-अँगल, मागे लाकडी पट्टी घालून, आणि टीव्ही भिंतीवर. आजोळी शेल्फला आणि लोखंडी कपाटाला दोन-दोन पट्टे, लांब गिट्टीवर. बसवून झाल्यावर एकाने कपाट धरलं आणि दुसऱ्याने वरचा ड्रॉवर उघडून त्याच्या तोंडावर हळूहळू वजन टाकलं. भिंतीशी भुकटी सांडली किंवा कपाट आणि भिंतीतली फट बोटभर वाढली तर ती पकड पुन्हा करायची. आजोळी एका पट्ट्याखाली भुकटी सांडली, स्क्रू दर्जेत गेला होता. तो तीन इंच सरकवून विटेत घेतला. पावसाळा संपला की ओलीच्या भिंतीवरच्या पकडी अशाच ओढून पाहायच्या आहेत.