स्वयंपाकघरातला तो नळ कॉर्पोरेशनचा नव्हताच

गेल्या ऑक्टोबरमध्ये पुण्यातल्या वाघोलीत दोन बीएचके भाड्याने घेतला. पाणी हा आमचा पहिला प्रश्न होता, तोच विचारूनही आम्ही फसलो. म्हणून सविस्तर लिहिते.

फ्लॅट पाहायला गेलो तेव्हा दुपारचे चार वाजले होते. मी एजंटला विचारलं, "पिण्याचं पाणी कुठलं?" त्याने सिंकवरचा वेगळा नळ सोडून दाखवला. "हा कॉर्पोरेशनचा, ताई. चोवीस तास. बाकी वापरायला बोअर आहे." मालकांनीही फोनवर तेच सांगितलं. मी ओंजळीत घेऊन पाणी प्यायले, चव चांगली होती. दुसऱ्या दिवशी टोकन दिलं.

फसवणूक त्या नळातच होती. थेट जलवाहिनीवरचा नळ पाणी सोडण्याच्या वेळेतच वाहतो, त्याचा जोर कमीजास्त होतो आणि वेळ संपली की तो कोरडा पडतो. भर दुपारी एकसारख्या धारेने वाहणारा नळ गच्चीवरच्या टाकीवर जोडलेला असतो. त्या टाकीत काय पडतं, हे नळाकडे बघून कळत नाही. पाऊस नुकताच संपला होता, बोअर भरून वाहत होती, म्हणून चवही गोड लागली.

फेब्रुवारीपासून बोअरची मोटर वीस मिनिटांत हवा ओढायला लागली. स्टीलच्या पातेल्यात पाणी आटलं की तळाशी पांढरा थर राहायचा, डाळ शिजायला वेळ लागायचा, साबणाला फेस येईना. मग नोटीस लागली: सकाळी सहा ते आठ आणि संध्याकाळी एक तास पाणी. शिवाय टँकर वर्गणी.

शेजारच्या काकूंनी मला खाली नेऊन जमिनीखालची टाकी दाखवली. झाकण उचललं तर भिंतीतून तीन पाइप आत आलेले. एक बोअरचा, ओला. दुसऱ्याचं तोंड रुंद, त्याला टँकरचा होज लागतो. तिसऱ्याला बूच मारलेलं आणि त्यावर कोळ्याचं जाळं. "हा कॉर्पोरेशनचा. गाव 2021 मध्ये महापालिकेत गेलं, बिल्डरने पाइप टाकून ठेवला, पण आमच्या बिल्डिंगला नळजोड अजून मिळालेला नाही," काकू म्हणाल्या. म्हणजे एजंट आणि मालक दोघांनाही हे ठाऊक होतं. मालक स्वतः त्याच घरात तीन वर्षं राहिले होते.

वर्गणीचा हिशोब मी मांडून पाहिला. आमच्याकडे 32 फ्लॅट. घरात चार माणसं आणि माणशी 135 लिटर धरलं, तर एका घराला दिवसाला 540 लिटर लागतात आणि बिल्डिंगला सव्वासतरा हजार. बोअर आटली की दहा हजार लिटरचे जवळजवळ दोन टँकर रोज. आमच्या सोसायटीला एक टँकर 1,400 रुपयांना पडत होता. महिन्याचे साठ टँकर म्हणजे 84,000, घरटी 2,625 रुपये. "मेंटेनन्स भाड्यातच" असं मालक म्हणाले होते, पण करारात एक ओळ होती: सोसायटीने आकारलेले इतर खर्च भाडेकरूकडे. ती ओळ मी वाचली होती आणि त्यात पाणी येईल असं मला वाटलंच नाही.

पिण्यासाठी आरओ बसवला. तो बरंच पाणी नाल्यात सोडतो, पाणी दोन वेळाच येत असेल तर ते फार जाणवतं. टीडीएस मीटरवर टाकीचं पाणी 1,100 दाखवत होतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात 500 पर्यंत योग्य म्हटलं आहे आणि दुसरा स्रोत नसेल तरच 2,000 पर्यंत सवलत. पण हे मीटर फक्त क्षार मोजतं. टँकर कुठल्या विहिरीवर भरला आणि पाण्यात जंतू आहेत का, हे त्यातून कळत नाही, त्यासाठी प्रयोगशाळेतच तपासावं लागतं. कमी आकडा बघून निर्धास्त होऊ नका.

एप्रिलमध्ये घर सोडतो म्हटलं तर मालकांनी अकरा महिन्यांचा लॉक-इन पुढे केला आणि एका महिन्याचं भाडं डिपॉझिटमधून कापलं. "कॉर्पोरेशनचं पाणी आहे" हे वाक्य फोनवरचं होतं, करारात नव्हतं. भांडायला हातात काहीच उरलं नाही.

आता खराडीत घर घेताना मी सकाळी सातला एकटीच गेले, एजंटला न सांगता. वॉचमनदादांना विचारलं, मेमध्ये रोज किती टँकर येतात. त्यांनी गेटवरचं रजिस्टर उघडून गाड्यांच्या नोंदी दाखवल्या: मेमध्ये एक दिवसाआड एक टँकर. मग टाकीचं झाकण उचलायला लावलं, महापालिकेचा पाइप वाहताना पाहिला. टँकरचा खर्च मालकाचा, ही ओळ करारात घालून घेतली आणि त्यानंतरच टोकन दिलं.