तडकलेला प्रिंटर आणि कुरिअरला लिहिलेलं पत्र: सहा महिन्यांनंतरचा अनुभव

मेहुण्याने नाशिकहून सांगलीला त्याचा लेझर प्रिंटर कुरिअरने पाठवला. किंमत १४,५०० रुपये, पावतीवर तीच लिहिलेली. भाडं ४२० रुपये. खोका हातात आला तेव्हा एक कोपरा चेपलेला होता. डिलिव्हरीवाला म्हणाला, "काका, आधी ओटीपी सांगा, मग उघडा." ओटीपी द्यायच्या आधी मी त्याच्या कागदावर लिहिलं, ‘खोका डावीकडे मागे चेपलेला, आतला माल तपासलेला नाही’. त्याने तोंड वाकडं केलं, पण पुढे सगळं याच एका ओळीवर तरलं.

आत प्रिंटरच्या बॉडीला डावीकडे मागच्या बाजूला बोटभर तडा होता आणि मागचं झाकण बसत नव्हतं. झाकण नीट बंद झालं नाही की हा प्रिंटर छपाईच करत नाही. खोका, थर्माकोल, तडा, सगळ्याचे फोटो काढले आणि खोका टाकला नाही. सर्व्हिस सेंटरने मागची बॉडी आणि झाकण बदलायचा ३,१५० रुपयांचा लेखी अंदाज दिला.

कुरिअर कंपनीकडे तक्रार केली, तर ईमेलवर उत्तर आलं, ‘पॅकिंग अपुरं होतं, भाडं परत करू.’ मग कागदावर पत्र लिहिलं. बुकिंग मेहुण्याच्या नावावर, म्हणून त्याचीही सही घेतली आणि स्पीड पोस्टाने पाठवलं. मुख्य मजकूर असा:

"महोदय, प्रिंटर उत्पादकाच्या मूळ खोक्यात, मूळ थर्माकोलसह दिला होता. खोका जिथे चेपला आहे, नेमका तिथेच तडा आहे. हे पत्र रस्ता वाहतूक कायदा, २००७ च्या कलम १६ खालची नोटीस समजावी. दुरुस्तीचे ३,१५० आणि भाड्याचे ४२० रुपये पंधरा दिवसांत द्यावेत. अन्यथा जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करू."

हा कायदा कुरिअरलाही लागू आहे. नोटीस बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांत द्यावी लागते. डिलिव्हरीपासून मोजू नका. दुसरी मेख भरपाईच्या रकमेची. जादा किंमत जाहीर करून जोखमीचं वेगळं शुल्क भरलेलं नसेल, तर नियमांप्रमाणे कंपनीची जबाबदारी भाड्याच्या दहापट, म्हणजे आमच्या बाबतीत ४,२०० रुपयांपर्यंतच. अख्खा प्रिंटर गेला असता तर १४,५०० मागूनही यापेक्षा जास्त हाती लागलं नसतं. माझी मागणी त्या मर्यादेत बसत होती, हे त्यांच्या क्लेम विभागालाही कळलं असणार.

एक फोन आला, "सर, दोन हजारांत मिटवू या." नकार दिला. पुढच्या महिन्यात ३,१५० जमा झाले. भाडं मात्र बुडालं, आणि ४२० रुपयांसाठी आयोगात जायचा कंटाळा केला.

प्रिंटर आता रोज चालतो. नवीन झाकण जरा घट्ट बसतं, कागद अडकला की उघडायला दोन्ही हात लागतात. छपाई स्वच्छ. कुरिअरला पाचपैकी दोन तारे, तेही पैसे दिले म्हणून.