दिवाळी बॉक्सचा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज: पोस्टर पाठवावं की साधा मजकूर?

गल्लीतल्या मिठाईच्या दुकानाला दिवाळीच्या गिफ्ट बॉक्सची खबर नेहमीच्या गिऱ्हाइकांना द्यायची असेल, तर बहुतेक वेळा दोन पर्याय समोर असतात. एक, छपाईवाल्याकडून रंगीत पोस्टर करून घ्यायचं आणि तेच पाठवायचं. दुसरा, आठ-दहा ओळींचा मजकूर हाताने टाइप करून पाठवायचा. खाली दोन्ही नमुने आहेत. बॉक्स दोन्हीकडे तेच, २०२६ च्या दिवाळीसाठी. भाव नमुन्यादाखल धरले आहेत.

पोस्टरवरचा मजकूर साधारण असा असतो:

> ✨ दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा ✨
> हा प्रकाशाचा सण आपल्या जीवनात सुख, समृद्धी आणि आनंद घेऊन येवो! शुद्ध तुपातील, उत्कृष्ट दर्जाचे, आकर्षक पॅकिंगमधील गिफ्ट बॉक्स उपलब्ध. आजच बुक करा! स्टॉक मर्यादित. किमतीसाठी संपर्क साधा.

आणि साधा मजकूर असा:

> नमस्कार मंडळी, दिवाळीचे बॉक्स तयार करायला घेतलेत 🪔
>
> *काजू-पेढा बॉक्स*: काजू कतली २५० ग्रॅम + केशरी पेढे २५० ग्रॅम. ४४० रुपये
> *फराळ बॉक्स*: बेसन लाडू ५०० ग्रॅम + भाजणीची चकली २५० ग्रॅम + पोह्यांचा चिवडा २५० ग्रॅम. ५२० रुपये
>
> वजन खोकं सोडून. परगावी पाठवायचा असेल तर फराळ बॉक्स घ्या, पेढा प्रवासात टिकत नाही.
> ऑर्डर सोमवार २ नोव्हेंबर, रात्री ९ पर्यंत. बॉक्स शुक्रवार ६ ते रविवार ८ नोव्हेंबर दुकानात मिळतील.
> इथेच लिहा, उदा. "फराळ ३, शनिवारी".
> दिवाळीच्या शुभेच्छा! (दुकानाचं नाव, चौक, फोन)

पोस्टरचा फायदा नाकारण्यासारखा नाही. खोकं कसं दिसतं हे शब्दांत सांगता येत नाही, आणि भेट द्यायची म्हटल्यावर गिऱ्हाईक दिसण्यालाही पैसे मोजतं. पण पोस्टरमधली अक्षरं ही चित्रच असतात. ती कॉपी करता येत नाहीत, लहान स्क्रीनवर बोटांनी मोठी करून वाचावी लागतात, आणि ज्यांनी फोटो आपोआप डाउनलोड होणं बंद ठेवलंय त्यांना आधी धूसर चौकोनच दिसतो. काजूचा भाव चढून किंमत बदलावी लागली, तर पोस्टर पुन्हा बनवावं लागतं.

सगळ्यात महाग पडते ती "किमतीसाठी संपर्क साधा" ही ओळ. समजा यादीत दोनशे माणसं आहेत आणि त्यातल्या चाळीसांनी "केवढ्याला?" विचारलं. मग चाळीस वेळा भाव लिहा, त्यातल्या निम्म्यांना आत काय आहे ते सांगा, काहींना वजन. हे सगळं काउंटरवर गर्दी असताना, कढईजवळच्या माणसाला हाक मारत. ज्याला तासाभरात उत्तर मिळत नाही तो पुढच्या चौकातल्या दुकानात विचारतो. आणि जे विचारायला संकोचतात, त्यांचा पत्ताच लागत नाही.

किंमत लिहायची तर ती पटेल अशी असावी. वरच्या काजू-पेढा बॉक्सचा हिशोब असा: कतली किलोला १०८० रुपये म्हणजे पाव किलोचे २७०, पेढे किलोला ६०० म्हणजे पाव किलोचे १५०, वर खोक्याचे २०, एकूण ४४०. गिऱ्हाइकाला काउंटरचे भाव ठाऊक असतात, त्यामुळे तो मनातल्या मनात बेरीज करतोच. "वजन खोकं सोडून" ही तीन शब्दांची हमी म्हणून फार कामाची आहे. जाड पुठ्ठ्याचं खोकं मिठाईबरोबर काट्यावर चढतं, ही शंका लोकांच्या मनात कायम असते.

बॉक्सला नाव द्यावं, आकडा नको. "बॉक्स १" आणि "बॉक्स २" असं लिहिलं की उत्तर येतं "२ बॉक्स". आता दुसऱ्या प्रकारचा एक, की कुठल्या तरी प्रकारचे दोन? पुन्हा विचारणं आलं. "फराळ ३" यात गोंधळाला जागा नाही. नमुना उत्तर मेसेजमध्येच दिलं की लोक तसंच लिहितात, आणि संध्याकाळी वहीत उतरवताना वेळ जात नाही.

आता आपुलकीचं. पोस्टरवर शुभेच्छांना दोन वाक्यं दिली आहेत, पण तेच शब्द त्या आठवड्यात बँकेकडून, विमा कंपनीकडून आणि नगरसेवकाकडूनही आलेले असतात. साध्या मजकुरातली ऊब पेढ्याच्या ओळीत आहे. खव्याची मिठाई चार-पाच दिवसांपलीकडे नेऊ नये, उष्ण हवेत त्याहून लवकर ती आंबूस होते, हे दुकानदाराला माहीत असतं. आपल्या पेढ्यांचा खप थोडा कमी झाला तरी तो हे आधीच सांगतो, तेव्हा वाचणाऱ्याला हा आपला माणूस वाटतो. लाडू, चकली, चिवडा मात्र हवाबंद डब्यात आरामात टिकतात. "ताई" किंवा "काका" असं संबोधन टाळावं, कारण ब्रॉडकास्ट एकच मजकूर सगळ्यांना नेतो. "मंडळी" सगळ्यांना चालतं.

दुकानाचं नाव आणि फोन शेवटी लिहिणं अनावश्यक वाटेल, नंबर तर समोर दिसतोच. पण हा मेसेज सोसायटीच्या ग्रुपवर पुढे जातो, आणि पुढे पाठवलेल्या मेसेजवर मूळ कुणी पाठवला ते दिसत नाही. नव्या गिऱ्हाइकाला मग दुकान सापडायचं कसं?

काही दुकानं दोन्हींचा मध्य काढतात: एकच स्वच्छ फोटो, खोकं उघडं ठेवून दिवसाच्या उजेडात काढलेला, त्यावर एकही अक्षर नाही, आणि खाली हाच मजकूर. बॉक्स दिसायला देखणे असतील तर हा पर्याय सर्वांत बरा. फक्त पुढे पाठवताना फोटोखालचा मजकूर काढून टाकता येतो, म्हणून फोटोत दुकानाचं नाव छापलेलं झाकण दिसू द्यावं. खोकं साधं पांढरं असेल तर फोटो नकोच, मजकूर पुरे. छापील पोस्टर दुकानाच्या काचेवर लावायला चांगलं आणि स्टेटसवर ठेवायलाही ठीक, पण ऑर्डर घेण्याचं काम त्याच्यावर सोपवू नये.

कुठलाही पर्याय घेतला तरी ब्रॉडकास्टची एक अट आहे: ज्याने दुकानाचा नंबर आपल्या फोनमध्ये सेव्ह केलेला नाही, त्याला मेसेज पोहोचतच नाही. तशी सूचनाही येत नाही. म्हणून दसऱ्यापासूनच बिल देताना "आमचा नंबर सेव्ह करा, दिवाळीचे भाव पाठवतो" असं सांगायला सुरुवात करावी. एका यादीत २५६ पर्यंतच नंबर बसतात, त्याहून जास्त असतील तर दुसरी यादी करावी. ग्रुप मात्र काढू नये. तिथे सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात, आणि एकाने "जरा कमी करा की" लिहिलं की सवलत सगळ्यांनाच हवी असते. ब्रॉडकास्टचं उत्तर फक्त दुकानाला येतं.

पाठवण्याआधी मेसेज घरातल्या दोन फोनवर पाठवून पाहावा, त्यातला एक जुना आणि लहान स्क्रीनचा. वार आणि तारीख जुळते का, दोन्ही किमती बरोबर आहेत का, ते मोठ्याने वाचून घ्यावं. पहिला मेसेज शेवटच्या तारखेच्या आठवडाभर आधी, सकाळी दहा-अकराच्या सुमारास पाठवावा. आठवण करणारा दुसरा रविवारी १ नोव्हेंबरला, आणि ज्यांची ऑर्डर आली आहे त्यांना वगळून, वेगळ्या यादीवर. तिसरा पाठवू नये, कारण कंटाळून कुणी ब्लॉक केलं तर पाडव्याच्या श्रीखंडाचा मेसेजही त्याच्यापर्यंत जाणार नाही.